शेवटच्या रांगेतून स्कॅन होईल ना?

व्याख्यान संपतं, पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘धन्यवाद’ येतं आणि त्याच्याखाली, संस्थेच्या बोधचिन्हाशेजारी, कोपऱ्यात एक छोटासा क्यूआर कोड दिसतो. ‘अभिप्रायासाठी स्कॅन करा’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पहिल्या दोन रांगांतले लोक फोन वर धरतात आणि त्यांचं काम होतं. पाचव्या रांगेतले हात ताणून बघतात. मागचे एकमेकांना विचारतात, “तुमचा झाला का?” तोवर सूत्रसंचालकांनी आभारप्रदर्शनासाठी माईक हातात घेतलेला असतो आणि चहाचा वास सुटलेला असतो. मग रात्री फॉर्मची उत्तरं उघडून बघताना वक्त्याला वाटतं की लोकांना अभिप्राय द्यायचा कंटाळाच असतो. कंटाळा असतोही, पण त्याआधी त्या कोडची रुंदी मोजलेली बरी. मागच्या निम्म्या सभागृहाला तो कोड वाचताच आला नसेल, तर कंटाळा करायची संधीसुद्धा त्यांना मिळालेली नसते.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. तालुक्याच्या गावी शाळेच्या सभागृहात प्राथमिक शिक्षकांचं गणिताचं प्रशिक्षण आहे. दीडशे शिक्षक बसलेत. पडदा साधारण तीन मीटर रुंद आणि १.७ मीटर उंच, म्हणजे आपल्या भाषेत दहा फुटी. शेवटची रांग पडद्यापासून बारा मीटरवर. प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमना दोन गोष्टी हव्यात. शिक्षकांनी चार प्रश्नांचा फॉर्म भरावा आणि वर्गात वापरायच्या कृतिपत्रिकांची पीडीएफ प्रत्येकाच्या फोनमध्ये जावी. त्यासाठी शेवटच्या स्लाइडवर कोड टाकायचा आहे. तो केवढा असावा?

या कामात एक ढोबळ नियम चालतो: जेवढ्या अंतरावरून वाचायचा, त्याच्या एक दशांश कोडची रुंदी. दुकानाच्या काउंटरवर माणूस एका हातावर उभा असतो, म्हणून तिथे पाच-सहा सेंटिमीटरचा स्टिकर पुरतो. बारा मीटरसाठी मात्र पडद्यावर १.२ मीटरचा कोड लागतो. पडदाच १.७ मीटर उंच आहे, तेव्हा कोडने स्लाइडची सत्तर टक्के उंची घ्यायला हवी. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड साडेसात इंच उंच असते. त्यात कोडच्या चित्राची उंची सव्वापाच इंच द्यायची. हे पहिल्यांदा करून बघणाऱ्याला फार बटबटीत वाटतं. स्लाइडवर कोडशिवाय फारसं काही उरतच नाही. तसंच असायला हवं.

हा एक दशांशाचा नियम कुणाच्या तरी अंदाजातून आलेला नाही. फोनच्या कॅमेऱ्याच्या हिशोबाशी तो नीट जुळतो. साधारण स्मार्टफोनचा मुख्य कॅमेरा बऱ्यापैकी रुंद दृश्य टिपतो. चौकटीची लांब बाजू धरली, तर समोरच्या वस्तूचं जेवढं अंतर, त्याच्या सुमारे १.४ पट रुंदीचं दृश्य त्यात मावतं. म्हणजे बारा मीटरवर जवळपास सतरा मीटर. जाहिरातीत पन्नास मेगापिक्सेल लिहिलेले असले, तरी कोड शोधताना फोन सहसा पूर्ण क्षमतेचा फोटो काढत बसत नाही. तो थेट चालणाऱ्या चित्रात बघतो, आणि त्या चित्राच्या लांब बाजूवर साधारण १९२० पिक्सेल असतात असं धरू. सतरा मीटरवर ते पसरले की एका मीटरच्या वाट्याला एकशे पंधराच्या आसपास पिक्सेल येतात. आता कोपऱ्यातला तो छोटा कोड जर पडद्यावर तीस सेंटिमीटरचा असेल, तर त्याच्या वाट्याला पस्तीसही पिक्सेल येत नाहीत. कोडमध्ये तर एका ओळीत २९ किंवा त्याहून जास्त काळी-पांढरी घरं असतात. एका घराला जेमतेम एक पिक्सेल! काळं कुठे संपलं आणि पांढरं कुठे सुरू झालं हे फोनला कळायला एका घरामागे निदान तीन-चार पिक्सेल हवेत. १.२ मीटरच्या कोडमध्ये ते मिळतात, तीस सेंटिमीटरच्या कोडमध्ये मिळत नाहीत. हात लांब करून पाऊण मीटर कमी झालं तरी हा हिशोब बदलत नाही.

दोन बोटांनी चित्र दुप्पट मोठं केलं, तर निम्म्या रुंदीचा कोडही वाचला जाऊ शकतो. तरुण मंडळी ते आपसूक करतातही. पण सगळ्यांना हे सुचेल यावर स्लाइड बेतू नये.

रुंदीचा प्रश्न अर्धाच आहे. दुसरा अर्धा म्हणजे कोडमध्ये घरं किती, आणि ती आपण आत काय भरतो यावर ठरतात.

क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या कंपनीत जन्माला आला. ही टोयोटाच्या गटातली, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. मासाहिरो हारा यांच्या गटाला कारखान्यातल्या खोक्यांवरच्या पट्ट्या-पट्ट्यांच्या बारकोडपेक्षा जास्त मजकूर मावेल आणि कुठल्याही कोनातून झटकन वाचता येईल असं काहीतरी हवं होतं. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या गो या खेळाच्या पटावरून त्यांना चौकटीची कल्पना सुचली. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन ही त्यातली खरी युक्ती. त्यांच्या मध्यातून कशीही रेघ ओढली तरी काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण १:१:३:१:१ असंच येतं. हे प्रमाण छापील मजकुरात सर्वांत कमी आढळतं, हे त्या गटाने मासिकं, पत्रकं, खोकी तपासून शोधलं होतं. म्हणूनच भिंतीवर शंभर गोष्टी टांगलेल्या असल्या तरी फोनला कोड कुठे आहे ते आधी सापडतं आणि आतला मजकूर नंतर वाचता येतो.

सर्वांत लहान कोड २१ × २१ घरांचा असतो. मजकूर वाढला की प्रत्येक बाजूला चार-चार घरं वाढत जातात, थेट १७७ × १७७ पर्यंत. आपल्या मॅडमचा फॉर्म गूगलवर आहे. त्याच्या दोन लिंक मिळू शकतात, एक लांब आणि एक आखूड:

```
https://docs.google.com/forms/d/e/.../viewform
https://forms.gle/...
```

पहिलीत मधल्या ठिपक्यांच्या जागी लांबलचक ओळखक्रमांक असतो आणि सगळी मिळून ती शंभर अक्षरांच्या घरात जाते. मागे `?usp=` वगैरे शेपूट चिकटलं की शंभर ओलांडते आणि कोड ४५ × ४५ घरांचा होतो. दुसरी लिंक सुमारे पस्तीस अक्षरांची. तिचा कोड २९ × २९ घरांत बसतो. पडद्यावरची रुंदी तीच, पण प्रत्येक घर दीडपट मोठं. ही आखूड लिंक मिळवायला काही विकत घ्यावं लागत नाही. फॉर्मची लिंक कॉपी करताना तिथेच `Shorten URL` असा चौकोन असतो, त्यावर टिचकी मारायची. इतकं साधं काम न केल्यामुळे शेवटच्या तीन रांगा गमावलेल्या मी पाहिल्या आहेत.

कोड बनवायला वेगळं ॲप लागत नाही. संगणकावरच्या क्रोम ब्राउझरमध्ये पान शेअर करायच्या पर्यायांत `Create QR Code` मिळतो. त्यात वरच्या पट्टीतली लांब लिंक आपोआप येते. ती पुसून तिथे आखूड लिंक चिकटवायची आणि चित्र उतरवून घ्यायचं. मध्ये क्रोमचा डायनासोर येतो, तो काही त्रास देत नाही. इंटरनेटवर ‘फुकट क्यूआर’ म्हणणारी दुकानं मात्र जपून वापरावीत. त्यातली काही आपली लिंक कोडमध्ये घालतच नाहीत. ती स्वतःच्या संकेतस्थळाची लिंक घालतात आणि तिथून आपल्या फॉर्मकडे वळवतात. चाचणीची मुदत संपली की ते वळवणं बंद होतं आणि कोड स्कॅन केल्यावर पैसे भरायची विनंती येते. हे ओळखायचं कसं? बनवलेला कोड फोनने वाचायचा आणि उघडण्याआधी फोन जो पत्ता दाखवतो तो बघायचा. त्यात आपल्या फॉर्मचं नाव नसून भलत्याच कुणाचं असेल, तर तो कोड टाकून द्यावा. लिंक थेट कोडमध्ये लिहिलेली असेल, तर त्या कोडला मुदत नसते. तो म्हणजे निव्वळ छापलेली अक्षरं.

आता बोधचिन्हाबद्दल. कोडच्या मधोमध संस्थेचं चिन्ह बसवायचा मोह फार. ते चालतं कारण कोडमध्ये थोडा भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून मजकूर परत उभा करायची सोय असते. या सोयीच्या चार पायऱ्या आहेत, एल, एम, क्यू आणि एच. एलमध्ये साधारण सात टक्के नुकसान भरून निघतं, एचमध्ये तीस टक्के. मध्ये चिन्ह टाकायचं तर एच घ्यावी लागते आणि ती फुकट येत नाही. तीच पस्तीस अक्षरांची लिंक एममध्ये २९ घरांत बसते, एचमध्ये तिला ३७ घरं लागतात. भाजीवाल्याच्या गाडीवरच्या स्टिकरला ही तीस टक्क्यांची सोय हवीच, कारण तो उन्हात रंग उडवून बसतो, त्याच्यावर पाणी पडतं, त्याचा कोपरा फाटतो. प्रोजेक्टरच्या पडद्यावरचा कोड ना फाटतो ना मळतो. तिथे ही सोय म्हणजे घरं बारीक करून घेणं. चिन्हाला स्लाइडवर दुसरीकडे जागा द्यावी.

कोडच्या चारही बाजूंना चार घरांएवढी रिकामी पांढरी पट्टी लागते. ती सजावट म्हणून नसते. कोड कुठे संपतो हे फोनला तिच्यावरून कळतं. पुष्कळदा लोक कोडचा स्क्रीनशॉट घेतात, कडेकडेने नीटनेटका कापतात आणि गडद निळ्या स्लाइडवर ठेवतात. पट्टी गेली, कोड निळ्यात मिसळला. तसंच, गडद पार्श्वभूमी शोभून दिसते म्हणून काळ्यावर पांढरा असा उलटा कोड काही फोन वाचतात, काही वाचत नाहीत. पांढऱ्यावर काळाच ठेवावा. चित्र मोठं करताना कोपऱ्यालाच धरून ओढावं म्हणजे चौकोनाचा आयत होत नाही.

मॅडमनी स्लाइड केली. आता ती घरी तपासायची कशी? लॅपटॉपसमोर बसून फोन धरला की कोणताही कोड वाचला जातो. ती तपासणी काही सांगत नाही. एक सोपा हिशोब मात्र सगळं सांगतो. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या किती पट लांब आहे ते काढायचं. आपल्या सभागृहात बारा भागिले १.७, म्हणजे सात पट. पंधरा इंची लॅपटॉपचा पडदा साधारण एकोणीस सेंटिमीटर उंच असतो. त्याची सात पट म्हणजे १.३३ मीटर. स्लाइड पूर्ण पडद्यावर लावायची, टेपने तेवढं अंतर मोजायचं आणि तिथे उभं राहून स्कॅन करायचं, झूम न करता. या अंतरावरून लॅपटॉपवरचा कोड फोनला तेवढाच दिसतो, जेवढा शेवटच्या रांगेतून पडद्यावरचा दिसेल. आपला स्वतःचा नवा फोन न घेता घरातला सर्वांत जुना फोन घ्यावा. कारण शिक्षकांपैकी कुणाच्या हातात काय असेल ते सांगता येत नाही. सभागृह पाहिलेलं नसेल, तर आयोजकांना दोनच मापं विचारायची: पडदा किती उंच आणि शेवटची खुर्ची किती लांब. “हॉल मोठा आहे हो” एवढ्यावर समाधान मानू नये.

ही युक्ती आकार तपासते, उजेड तपासत नाही. प्रत्यक्ष सभागृहात उजेडाच्या दोन उलट्या अडचणी येतात. खिडक्यांना पडदे नसले आणि दुपारचं ऊन आत आलं, तर प्रोजेक्टरचा काळा रंग राखाडी होतो. प्रोजेक्टरला काळा टाकताच येत नाही, तो फक्त उजेड टाकू शकतो. काळं म्हणजे जिथे उजेड टाकला नाही ती जागा, आणि तिथे खिडकीचा उजेड पडला की काळं संपलं. अशा वेळी पडद्याजवळचे दिवे बंद करायला सांगणं हाच उपाय. दुसरीकडे, सभागृहात मिट्ट अंधार असला की फोनचा कॅमेरा अंधार बघून चित्र उजळ करायला जातो आणि पांढरा पडदा भगभगीत होऊन काळ्या घरांवर सांडतो. फोनवर कोड दिसतो, पण पुसट, धुरकट. त्यावर उपाय प्रेक्षकाच्या बोटाशी आहे. फोनच्या पडद्यावर कोडच्या जागी एकदा बोट टेकवायचं, मग कॅमेरा त्या जागेचा उजेड धरून चित्र मंद करतो. वक्त्याने हे एक वाक्य बोलून टाकावं. स्लाइडची बाजू म्हणून कोडची पांढरी जागा पांढरी ठेवून उरलेली स्लाइड फिकट राखाडी ठेवली, तर भगभग थोडी कमी होते.

हल्ली लग्नाच्या कार्यालयांत आणि मोठ्या संमेलनांत एलईडी भिंती असतात. त्या झगझगीत असतात, त्यामुळे उन्हाचा त्रास कमी. पण जवळून बघितलं तर त्या भिंतीचे ठिपके सुटे दिसतात आणि कॅमेऱ्यात लाटांसारखे पट्टे उमटतात. गंमत अशी की तिथे पहिल्या रांगेचा कोड अडतो आणि मधल्यांचा होतो. फोन जरा तिरका धरला किंवा एक पाऊल मागे गेलं की सहसा जमतं.

शेवटची अडचण डोक्यांची. शाळेच्या सभागृहात सगळ्या खुर्च्या एका पातळीवर. मागच्यांना पडद्याचा खालचा चौथा हिस्सा दिसतच नाही. तिथे पुढच्यांची डोकी असतात, व्यासपीठावर माईकचा दांडा असतो, फुलदाणी असते, समई असते. म्हणून कोड मधोमध न ठेवता वरच्या कडेला सरकवावा आणि खाली उरलेल्या पट्टीत जे दिसलं नाही तरी चालेल ते लिहावं.

कोडच्या बाजूच्या जागेत काय लिहायचं, याचं उत्तर आपल्याकडे जरा वेगळं आहे. आपल्याकडे क्यूआर म्हटलं की हात आपोआप पैसे देण्याच्या ॲपकडे जातो. चहाच्या टपरीपासून मंदिराच्या दानपेटीपर्यंत सगळीकडे तीच सवय लागली आहे. सभागृहात “स्कॅन करा” म्हटलं की कित्येक जण पैशांचं ॲप उघडतात. पैशांच्या कोडच्या आत `upi://pay` अशी सुरुवात असते. ते ॲप ती शोधत असतं. फॉर्मची लिंक मिळाली की बऱ्याचदा ‘हा कोड चालत नाही’ अशा अर्थाचं काहीतरी दाखवून मोकळं होतं, आणि माणूस समजतो की कोडच बिघडला. म्हणून ‘स्कॅन करा’ इतकंच लिहिणं अपुरं पडतं. ‘फोनचा कॅमेरा उघडा आणि इकडे धरा’ असं लिहावं. ज्यांच्या कॅमेऱ्यात ही सोय नसते, त्यांच्यासाठी ‘किंवा गूगल लेन्स’ हे तीन शब्द पुरेत.

याच सवयीची दुसरी बाजूही आहे. कोड स्कॅन करून खात्यातून पैसे गेले, अशा फसवणुकीच्या बातम्या लोकांनी वाचलेल्या असतात. त्यामुळे एखादे ज्येष्ठ शिक्षक फोन काढायलाच कचरले तर त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. कोडच्या बाजूला ‘अभिप्राय आणि कृतिपत्रिका, पैसे लागत नाहीत’ असं लिहावं आणि आत जी लिंक आहे तिची सुरुवात, म्हणजे `forms.gle`, ठळक लिहावी. फोनने दाखवलेला पत्ता आणि पडद्यावरचा पत्ता जुळला की माणूस निश्चिंत होतो. पूर्ण लिंक लिहून मात्र उपयोग नाही. पुढची सतरा अक्षरं लहान-मोठ्या लिपीतली, त्यातही शून्य की ओ, एक की एल, याचा पत्ता लागत नाही. हाताने टाइप करता येईल अशी लिंक द्यायची असेल, तर लिंक आखूड करून देणाऱ्या सेवेवर स्वतः निवडलेलं सोपं नाव घ्यावं, सगळं लहान लिपीत, दोन शब्दांचं.

इथवर कोड वाचला गेला. पण खरी फजिती पुष्कळदा त्यानंतर होते. दीडशे फोन एकाच वेळी एक पान उघडतात आणि सगळ्यांना दिसतं, परवानगी मागा. मॅडमनी फॉर्म तयार करतानाची, वरच्या पट्टीतली, `/edit` ने संपणारी लिंक कॉपी केली तर असंच होतं. ती फॉर्म बनवणाऱ्याची लिंक, भरणाऱ्याची नव्हे. तसंच फॉर्मच्या सेटिंगमध्ये एका माणसाला एकच उत्तर अशी अट घातली, किंवा फाइल जोडायचा प्रश्न ठेवला, की गूगल आधी खात्यात लॉग-इन करायला सांगतं. शिक्षकांपैकी काहींना स्वतःचा पासवर्ड त्या क्षणी आठवणार नाही, यात नवल नाही. खाजगी शाळा आणि महाविद्यालयांच्या खात्यांत तर फॉर्म फक्त त्या संस्थेच्या लोकांसाठीच उघडा असतो, ती अट हाताने काढावी लागते. पीडीएफ ड्राइव्हवर असेल, तर तिची परवानगी `Restricted` वरून `Anyone with the link` वर आणावी लागते. आपल्या लॅपटॉपवर हे सगळं उघडतंच, कारण आपण मालक असतो. म्हणून ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, किंवा त्याहून बरं म्हणजे शेजारच्या कुणाच्या तरी फोनवर, वायफाय बंद करून, कोड स्कॅन करण्यापासून फॉर्म पाठवण्यापर्यंतचा सगळा प्रवास एकदा करून बघावा.

फॉर्म एक आणि पीडीएफ एक, तर स्लाइडवर दोन कोड का नकोत? कारण शेजारीशेजारी ठेवले की कॅमेरा कधी डावा पकडतो, कधी उजवा. माणसाला हवा तो मिळत नाही. एकच कोड ठेवावा, फॉर्मचा. फॉर्म पाठवल्यावर जो आभाराचा मजकूर दिसतो तो आपल्याला बदलता येतो. तिथे पीडीएफची लिंक टाकायची. यावर माझी एक हरकत आहे ती मात्र सांगतो. कृतिपत्रिका हवी म्हणून लोकांना दहा प्रश्नांचा फॉर्म भरायला लावणं हे मला अडवणुकीसारखं वाटतं. प्रश्न चारच ठेवावेत, त्यांतला एकही सक्तीचा नसावा. ज्याला फक्त कागद हवेत तो रिकामा फॉर्म पाठवून पुढे जाईल. त्याचं काम व्हायलाच हवं.

आणि पीडीएफ हलकी असावी. फोटोंनी भरलेली चाळीस मेगाबाइटची फाइल दीडशे जणांनी उतरवायला घेतली, तर सहा गिगाबाइट होतात. तालुक्याच्या गावच्या एकाच टॉवरवर हा भार एका मिनिटात पडला की कुणाचीच फाइल उतरत नाही. कृतिपत्रिकांचे फोटो बारीक करून दोन मेगाबाइटची केली, तर काम होतं. फार मोठ्यांनाही हा भार चुकलेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत सुपर बोल या फुटबॉल सामन्याच्या वेळी कॉइनबेस या कंपनीने एक मिनिटाची जाहिरात दाखवली. काळ्या पडद्यावर रंग बदलत इकडून तिकडे उड्या मारणारा एक क्यूआर कोड, बाकी काही नाही. लोकांनी इतक्या संख्येने स्कॅन केलं की त्यांचं ॲपच काही वेळ बंद पडलं.

आता वेळ. आपल्याकडच्या कार्यक्रमाचा क्रम ठरलेला असतो: व्याख्यान, प्रश्नोत्तरं, आभार, चहा. कोडची स्लाइड प्रश्नोत्तरांच्या आधी लावावी आणि ती संपेपर्यंत हलवू नये. ‘काही प्रश्न?’ असं लिहिलेली वेगळी स्लाइड लावायची गरज नसते, प्रश्न विचारता येतात हे लोकांना माहीत असतं. “आता फोन काढा, कॅमेरा उघडा” असं म्हणून वक्त्याने अर्धा मिनिट खरोखर गप्प बसावं. बोलत राहिलं की लोक शिष्टाचार म्हणून फोन खाली ठेवतात. आयोजकांना आधीच सांगून ठेवावं की आभारप्रदर्शन संपेपर्यंत प्रोजेक्टर बंद करू नका. आणखी एक बारीकसारीक गोष्ट: शेवटच्या स्लाइडवर चुकून एकदा जास्त बटण दाबलं गेलं, की पॉवरपॉइंट काळा पडदा आणतो आणि कोड जातो. तो काळा पडदा `Options` मधल्या `Advanced` मध्ये `End with black slide` समोरची खूण काढून बंद करता येतो. मी त्याहून सोपं करतो, कोडच्या स्लाइडच्या तीन प्रती एकापाठोपाठ ठेवतो.

तेच प्रशिक्षण ऑनलाइन असेल तर पाहणाऱ्यांचा पडदा त्यांच्या हातभर अंतरावर असतो, त्यामुळे आकाराची चिंता मिटते. पण तिथे वेगळाच गुंता आहे. अनेक शिक्षक कार्यक्रम फोनवरच बघत असतात, आणि फोनने स्वतःचाच पडदा स्कॅन कसा करायचा? स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्समध्ये उघडता येतो खरा, पण त्यापेक्षा तीच लिंक चॅटमध्ये टाकावी. ध्वनिचित्रमुद्रण नंतर यूट्यूबवर जाणार असेल, तर शेवटच्या वीस सेकंदांत तिथे दुसऱ्या व्हिडिओंच्या चौकटी कोडवर येऊन बसू शकतात. त्या लावायच्याच असल्या तर त्याआधी कोड पुरेसा वेळ दिसून जाईल असं बघावं.

कार्यक्रम झाल्यावर उत्तरांच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात प्रत्येक उत्तराची वेळ नोंदलेली असते. ती वाचण्यासारखी असते. काही उत्तरं सभागृहातल्या त्या दहा मिनिटांतली, काही एसटीत बसल्यावरची, काही रात्री जेवणानंतरची. उशिरा आलेली उत्तरं बहुधा त्यांची, ज्यांनी स्लाइडचा फोटो काढून ठेवला आणि घरी गेल्यावर त्या फोटोतला कोड उघडला. म्हणून मॅडमनी फॉर्म त्याच संध्याकाळी बंद करू नये, आठवडाभर चालू ठेवावा. बंद करताना ‘आता उत्तरं घेत नाही’ या मजकुराच्या जागी कृतिपत्रिका कुणाकडे आणि कुठे मिळतील ते लिहून ठेवावं. तो फोटो तोवर शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरत असतो.